2G म्हणजे पाईप उभा की आडवा? डब्ल्यूपीएसच्या मराठी अनुवादात या चुका टाळा

डब्ल्यूपीएस म्हणजे वेल्ड कसा करायचा ते सांगणारा वेल्डिंग प्रोसीजरचा कागद. त्याच्या अनुवादात मला सगळ्यात महागात पडलेला शब्द म्हणजे 'आडवी'. कागद साधाच होता: कार्बन स्टीलचा पाईप, जाडी ११ मिमी, रूट म्हणजे तळाचा पहिला पास टिगने, वरचे पास रॉडने, आणि पोझिशनचा कोड 2G. मूळ पानावर कोडशेजारी इंग्रजीत 'हॉरिझॉन्टल' असं होतं, म्हणून मी 'आडवी स्थिती' लिहून मोकळा झालो. शॉपमध्ये फिटरने तो वाचला, टेस्टचा पाईप आडवा ठेवून स्टँडवर घट्ट बांधला आणि वेल्डरने खालून वर वेल्ड मारला. वेल्ड सुरेख झाला, पण तो 5G होता.

घोळ असा, की इंग्रजीतलं 'हॉरिझॉन्टल' हे पाईपचं वर्णनच नव्हे. ते वेल्डच्या रेषेचं वर्णन आहे. 2G मध्ये पाईप खांबासारखा उभा असतो आणि सांधा त्याच्याभोवती कंबरपट्ट्यासारखा आडवा फिरतो. मराठीत 'आडवी स्थिती' म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे आडवा पडलेला पाईप येतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही. वेल्डरच्या दृष्टीने ही दोन कामं अगदी वेगळी. 2G मध्ये वितळलेला धातू ओघळून खालच्या कडेवर बसतो, वरच्या कडेला अंडरकट म्हणजे खाच पडते, म्हणून बारीक बीड एकावर एक रचत जावे लागतात. 5G मध्ये त्याच सांध्यात ओव्हरहेड, व्हर्टिकल आणि फ्लॅट असे तिन्ही टप्पे येतात. वेल्डरची पात्रता ठरवणाऱ्या एएसएमई सेक्शन नाइन या अमेरिकन कोडप्रमाणे 5G च्या टेस्टवर वेल्डरला या तिन्हींची पात्रता मिळते, पण हॉरिझॉन्टलची मिळत नाही. म्हणजे ती टेस्ट आमच्या कामाची नव्हती, नवा पाईप कापावा लागला.

आता मी कोडला हात लावत नाही आणि त्याच्यापुढे डोळ्यांना दिसेल ते लिहितो. 2G: पाईप उभा, सांधा आडवा. 5G: पाईप आडवा, फिरवायचा नाही. 1G: पाईप आडवा, फिरवत वेल्ड करायचा. 6G: पाईप ४५ अंशांत तिरका, फिरवायचा नाही. प्लेट असेल तर 2G मध्ये प्लेट उभी आणि सांधा आडवा. युरोपकडच्या कागदावर 2G ऐवजी PC दिसेल. तेव्हा PC च ठेवायचं, ओळखीचं वाटतं म्हणून त्या जागी 2G लिहायचं नाही. ज्या पद्धतीत प्रोसीजर मंजूर झाली, त्याच पद्धतीचा कोड कागदावर राहायला हवा.

ही चूक मला आधीच दिसायला हवी होती, कारण पुरावा त्याच पानावर होता. 'प्रोग्रेशन' म्हणजे वेल्ड खालून वर की वरून खाली, या रकान्यात 'लागू नाही' होतं. पाईप उभा असेल तर सांध्याला वर-खाली नसतंच, पण पाईप आडवा आणि स्थिर असता तर ती दिशा सांगावीच लागली असती. पोझिशन आणि प्रोग्रेशन हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचायची सवय तेव्हापासून लागली.

त्याच कागदात दुसरा खड्डा कोनाचा होता, तो सुदैवाने वेळेत दिसला. इंग्रजीत ग्रूव्हचा कोन ६०° दिला होता, म्हणजे दोन्ही कडा मिळून. मी लिहिलं 'बेव्हल ६०°'. बेव्हल हा एका कडेचा कोन, तो इथे ३०° हवा. मशीनवाल्याने माझं ऐकून दोन्ही पाईप ६०° ला मारले असते तर व्ही १२०° ने उघडला असता. रूट गॅप म्हणजे दोन कडांमधली फट ३ मिमी आणि लँड म्हणजे कडेच्या तळाशी तिरकी न कापता सोडलेली सपाट पट्टी दीड मिमी धरून हिशेब केला: ६०° च्या व्हीत भरायचं क्षेत्रफळ साधारण ८५ चौरस मिमी, १२०° च्या व्हीत १८९. वायर आणि रॉड दुपटीहून जास्त, उष्णता आणि वाकडेपणाही त्याच हिशेबात. म्हणून आता 'दोन्ही कडांचा मिळून कोन ६०°, प्रत्येक कडा ३०°' असं पूर्ण वाक्य लिहितो.

जाता जाता, 'बेस मेटल'ला मूळ धातू आणि 'रूट'लाही मूळ असं करू नका. 'मुळाजवळ साफ करा' वाचून कोण काय घासेल, सांगता येत नाही. रूटला रूटच म्हणावं. 'जॉइंट' आणि 'वेल्ड' या दोघांना 'जोड' म्हणण्यातही तोच धोका आहे. टी-सांध्यात फिलेट वेल्ड असू शकतो, तसा ग्रूव्ह वेल्डही असू शकतो. मी सांधा आणि वेल्ड असे दोन शब्द वेगळे ठेवतो.

फिलरच्या रकान्यात भाषेपेक्षा शॉपची सवय आडवी येते. शॉपमध्ये 'रॉड' म्हणजे फ्लक्सचं आवरण असलेली रॉड, 'फिलर' म्हणजे टिगची उघडी वायर. इंग्रजी कागदावर मात्र 'फिलर मेटल' या एकाच मथळ्याखाली ER70S-2 आणि E7018 दोन्ही येतात, आणि टिगच्या भागात 'इलेक्ट्रोड' म्हणजे टंगस्टन. शब्दाला शब्द ठेवला तर वेल्डर E7018 ची वायर शोधत बसेल. म्हणून मी 'रूटसाठी टिग वायर ER70S-2' आणि 'पुढच्या पाससाठी रॉड E7018' असं लिहितो, टंगस्टनला टंगस्टनच म्हणतो. कोड आणि त्यातले आकडे रोमन लिपीतच हवेत, कारण पाकिटावर आणि रॉडवर तसेच छापलेले असतात. 'ई७०१८' लिहिलं तर स्टोअरमधला माणूस जुळवणार कशाशी?

पोलॅरिटीत 'सरळ' आणि 'उलट' हे शब्द मी काढूनच टाकले आहेत. जुन्या कागदांत 'स्ट्रेट' म्हणजे इलेक्ट्रोड निगेटिव्ह, पण मराठीत 'सरळ' वाचून कुठली केबल कुठे लावायची ते कळत नाही. या कामात टिगची टॉर्च निगेटिव्हला आणि E7018 चा होल्डर पॉझिटिव्हला होता, तसंच लिहिलं. उलट झालं असतं तर टंगस्टनचं टोक तापून गोळा झालं असतं.

'इंटरपास कमाल २५०°' याचं 'दोन पासमध्ये तापमान २५०° ठेवा' झालेलं मी पाहिलं आहे. मग माणूस बर्नर घेऊन २५०° गाठायला निघतो. 'दोन पासमध्ये तापमान २५०° च्या वर जाऊ देऊ नका' एवढंच हवं. प्रीहीट किमान असतं, तिथे 'याहून कमी नको'.

कागद पाठवण्याआधी एक खडू लागतो. इंग्रजी पान बाजूला ठेवून फक्त मराठी पान फिटरच्या हातात द्यावं आणि प्लेटवर सांधा काढायला सांगावं: पाईप कसा ठेवणार, कडा किती अंशांत, गॅप किती. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा त्याने पाईप उभा काढला, मग व्हीच्या एका बाजूला ३०° लिहून वर बघत विचारलं, "लँड घासून काढायची का ठेवायची?" कागदावर 'लँड १.५' एवढंच होतं, आणि ती ठेवायची आहे हे लिहायचं राहिलं होतं.