सहीची प्रत, पहिली आवृत्ती: पैसे मोजण्याआधी या चुका टाळा

जुन्या पुस्तकांच्या बाजारात 'पहिली आवृत्ती, लेखकाच्या सहीसह' एवढं म्हटलं की भाव चढतो. घेणाऱ्याची नजर आधी सहीवर जाते आणि तिथेच घोटाळा होतो. आधी छपाई तपासा, सही नंतर. सही छापून झालेल्या कागदावरच होते, त्यामुळे हा कागद कधी छापला ते कळलं की निम्म्या खोट्या सह्या भिंग न लावताच निकालात निघतात.

'पहिली आवृत्ती' ही ओळ वाचून थांबणं

सर्वांत जास्त लोक इथे फसतात, आणि दर वेळी विक्रेता लबाड असतोच असं नाही. शीर्षकपानाच्या मागे 'पहिली आवृत्ती : १९६३' असं छापलेलं दिसतं. विक्रेता त्या ओळीचा फोटो पाठवतो, आपण खूश. पण मराठी प्रकाशक मूळ आवृत्तीचं वर्ष पुढच्या प्रत्येक छपाईत ठेवतात आणि त्याखाली 'दुसरी आवृत्ती', 'पुनर्मुद्रण' अशा ओळी वाढत जातात. फोटोत खालचा भाग कापलेला असेल तर पूर्ण पानाचा फोटो मागा. तो द्यायला खळखळ झाली की समजून जा.

प्रकाशक बदलला असेल तर आणखी गोंधळ होतो. 'कोसला' १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. आज ती पॉप्युलर प्रकाशनाकडून येते. म्हणजे पॉप्युलरचं नाव असलेली प्रत कितीही जुनी, पिवळी, वाळवीने खाल्लेली असली तरी ती पहिली नव्हे. कुठलंही पुस्तक घेण्याआधी ते पहिल्यांदा कोणी काढलं एवढं एखाद्या जुन्या ग्रंथालयाच्या सूचीत पाहून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

आणखी जुन्या पुस्तकांवर सन नसतो, शक असतो. त्यात ७८ मिळवा. वर्षाअखेरीचे महिने असतील तर ७९. 'शके १८८०' बघून शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक समजणारे ग्राहक खरोखर भेटतात.

पत्ता न वाचणं

प्रकाशकाचा पत्ता असलेलं पान लोक वाचतच नाहीत, आणि खोटं नेमकं इथे उघडं पडतं. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याआधी प्रकाशकाचा पत्ता 'सदाशिव पेठ, पुणे ३०' किंवा 'गिरगाव, मुंबई ४' असा असायचा. नंतर 'पुणे ४११ ०३०', 'मुंबई ४०० ००४' आलं.

आता समजा तुमच्यापुढे एक कथासंग्रह आहे. विक्रेता म्हणतो, १९६८ ची पहिली आवृत्ती. आत लेखकाची सही आहे, तिच्याखाली '१२-३-६८' ही तारीख. कागद पिवळा, सही झोकदार, सगळं जमून आलेलं. पण प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिन आहे. म्हणजे ही प्रत ऑगस्ट १९७२ नंतर छापलेली आहे, आणि तिच्यावर १९६८ ची सही होऊच शकत नाही. लेखकाच्या अक्षराबद्दल काहीही माहीत नसताना सही आणि आवृत्ती दोन्ही एकदम बाद.

उलटा निष्कर्ष मात्र काढू नका. पिन नाही म्हणून प्रत १९७२ पूर्वीची ठरत नाही. कित्येकांनी जुना पत्ता पुढे बरीच वर्षं तसाच छापला. अशा खुणा प्रत बाद करायला उपयोगी पडतात, पास करायला नाही. किंमत आणे-पैत असेल तर ती साधारण १ एप्रिल १९५७ च्या आधीची. बारकोड असेल तर साठ-सत्तरच्या दशकाचं नावही काढू नका.

अनुस्वारांचंही तसंच. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या बहुतेक पुस्तकांत 'घरांत', 'केलें' असे अनुस्वार दिसतात. १९५५ ची म्हणून दिलेली प्रत पानोपान 'घरात', 'केले' अशी असेल तर मजकूर नव्याने जुळवला असण्याची शंका घ्या. काही लेखक-प्रकाशक मात्र आधीपासूनच अनुस्वार गाळत होते, त्यामुळे ही शंकाच, पुरावा नव्हे.

आणि एक: मूळ किमतीवर वाढीव किमतीची चिठ्ठी किंवा शिक्का असला तर घाबरू नका. न खपलेल्या प्रतींची किंमत प्रकाशक अशीच वाढवत. चिठ्ठीखालची छापील किंमत महत्त्वाची.

प्रत सुट्या पानांची आहे का, हे न बघणं

नव्याने बांधलेल्या प्रतीत शीर्षकपान दुसऱ्या प्रतीतलं असू शकतं. पुस्तक सोळा पानी फॉर्मनी, म्हणजे छापून घडी घातलेल्या तावांनी बनतं. पहिल्या फॉर्ममधलं शीर्षकपान त्याच फॉर्मच्या जोडपानाला शिवणीत जोडलेलं असतं. ते एकटंच डिंकाने चिकटवलेलं दिसलं, कागदाचा रंग किंवा जाडी शेजारच्या पानाहून वेगळी वाटली, तर तिथेच थांबा. पान तिरप्या उजेडात धरा. खिळ्यांच्या छपाईत अक्षरांचा दाब मागच्या बाजूला बोटाला किंचित जाणवतो. बाकीच्या पानांना तो आहे आणि शीर्षकपान मात्र गुळगुळीत आहे, तर ते पान नंतर छापलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

जॅकेटही दुसऱ्या आवृत्तीचं चढवलेलं असतं. त्यावरची आणि आतली किंमत जुळते का, बघा.

सहीचा आकार तेवढा जुळवणं

आता सही. इंटरनेटवरच्या फोटोशी ती तंतोतंत जुळली तर आनंदायचं कारण नाही. कुणाच्याही दोन सह्या रेघेला रेघ सारख्या येत नाहीत. इतकी सारखी असेल तर ती गिरवलेली असण्याची शक्यता जास्त. दहापट भिंगाखाली रेघ बघा. मनापासून केलेली सही वेगात सुटते आणि शेवटाला बारीक होते. गिरवलेली सही मध्येच थांबते, तिथे शाईचा ठिपका पडतो, रेघ सगळीकडे एकसारखी जाड असते. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छापलेली आहे. कडेला गडद आणि आत फिकट असेल तर रबरी शिक्का.

जुना कागद शाई शोषतो. पन्नास वर्षांच्या कागदावर आज फाउंटन पेनने लिहिलं तर रेघेच्या कडा तंतूंसारख्या फुटतात. तशा कडा दिसल्या तर सही कागद जुना झाल्यानंतरची असू शकते. आणि जेल पेन आपल्याकडे नव्वदच्या दशकात आलं. जी. ए. कुलकर्णी डिसेंबर १९८७ मध्ये गेले. त्यांची जेल पेनातली सही कोणी दाखवली तर चहा पिऊन उठावं.

लेखकाचं आयुष्यही जुळवून बघा. पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी गेले आणि शेवटच्या काही वर्षांत त्यांना कंपवाताचा त्रास होता. १९९९ ची तारीख आणि ऐन भरातली झोकदार सही, हे एकत्र दिसलं तर विक्रेत्याला प्रश्न विचारा. तुलनेसाठी त्याच सुमाराच्या, खात्रीच्या दोन-तीन सह्या मिळवा. विशीतली आणि साठीतली सही जुळवण्यात अर्थ नाही.

एक गमतीचा प्रकार राहिला: पहिल्या पानावरचं लेखकाचं नाव ग्रंथालयाच्या कारकुनाने लिहिलेलं असतं. शेजारी दाखल क्रमांक असतो आणि तरी ती 'सही' म्हणून खपते. दाखल क्रमांक आहे पण 'रद्द' असा शिक्का नाही, तर प्रत मुळात ग्रंथालयाचीच असू शकते.

'खरेपणाचं प्रमाणपत्र' विक्रेत्यानेच दिलं असेल तर त्याची किंमत शून्य. त्यापेक्षा 'सही खोटी निघाल्यास पूर्ण पैसे परत' असं तारखेसह लेखी मागा. ते मिळत नसेल आणि प्रत तरी हवीच असेल, तर बिनसहीच्या प्रतीचा भाव द्या.