नोकरी गेल्याची पोस्ट: पहिल्या दोन ओळींत काय लिहाल?

लिंक्डइनवर पोस्टच्या वरच्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकी मजकूर उघडावा लागतो. तिथे ‘जड अंतःकरणाने कळवतो की…’ लिहिलंत तर लोक हळहळतील आणि पुढे जातील. तुम्हाला काय येतं, ते कुणाला कळणारच नाही.

समजा, नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यातली लाइन बंद झाली आणि क्वालिटी इंजिनिअरची नोकरी गेली. त्याने असं लिहावं: ‘आमची लाइन बंद झाल्याने ३० जूनला माझी नोकरी संपली. ऑटो पार्ट्सच्या क्वालिटीत ७ वर्षं. ग्राहकांच्या तक्रारींचं मूळ शोधणं आणि सप्लायर ऑडिट हे माझं काम. लगेच रुजू होऊ शकतो. सातपूर, सिन्नर, गोंदे चालेल, पुण्यालाही येईन.’

कारण एका वाक्यात संपलं. खरं तेच लिहा. काढून टाकलं असताना ‘राजीनामा दिला’ म्हणू नका, जुन्या कंपनीत चौकशी झाली की उघडं पडतं. आपल्याकडे नोटीस पीरियड लांबलचक असतात, त्यामुळे ‘लगेच रुजू’ ही तुमची जमेची बाजू.

शेवटी ‘काही असेल तर कळवा’ नको. ‘सिन्नरमध्ये क्वालिटी हेडशी कुणी ओळख करून देईल का?’ असं विचारा, म्हणजे वाचणाऱ्याला एखादं नाव आठवतं.

कंपनीने दिलेल्या शेवटच्या हिशेबाच्या कागदांवर गोपनीयतेची अट आहे का, ते पोस्ट टाकण्याआधी वाचा. मोबाइल नंबर उघड देऊ नका; नोकरीच्या नावाखाली ‘रजिस्ट्रेशन फी’ मागणारे टपलेलेच असतात.