तिरक्या दारावर पाणी किती जोर लावतं, आणि नेमकं कुठे?

तलावाच्या भिंतीच्या आतल्या, उतरत्या बाजूवर एक आयताकृती लोखंडी दार आहे असं धरू. वरच्या कडेला बिजागरी आहे, खालची कड उंबरठ्यावर टेकली आहे आणि दारामागची वाहिनी कोरडी आहे. खालच्या कडेला साखळी लावून दार उघडायचं, तर किती ओढ लागेल? त्यासाठी दोन गोष्टी हव्यात: पाण्याचं एकूण बल, आणि ते जिथे लागतं तो बिंदू, म्हणजे दाबकेंद्र.

आकडे असे घेऊ. उतारावर ५ मीटर गेलं की खोली ४ मीटर वाढते. दार उताराच्या दिशेने २.५ मीटर लांब आणि २ मीटर रुंद आहे. वरची कड पाण्याखाली २ मीटर खोल आहे, म्हणून खालची ४ मीटर खोल.

आधी बल काढा. दाब खोलीबरोबर एकसारखा वाढतो, त्यामुळे सरासरी दाब दाराच्या बरोबर मध्यावर मिळतो. मध्याची सरळ उभी खोली ३ मीटर आणि दाराचं क्षेत्रफळ ५ चौरस मीटर. एक घनमीटर पाण्याचं वजन ९.८१ किलोन्यूटन.

बल = ९.८१ × ३ × ५ = १४७ किलोन्यूटन

म्हणजे सुमारे १५ टनांचा भार, दाराच्या पृष्ठभागाला काटकोनात. दार किती कललं आहे हे या हिशोबात वेगळं येत नाही. कलाचा परिणाम मध्याच्या खोलीत आधीच आलेला असतो. हवेचा दाब दोन्ही बाजूंनी सारखाच असल्यामुळे तोही सोडून देता येतो.

मग जागा शोधा. खालच्या कडेवरचा दाब वरच्या कडेच्या दुप्पट आहे, म्हणून एकूण बल मध्याच्या थोडं खाली लागतं. किती खाली, ते असं:

सरक = (दाराची लांबी)² ÷ (१२ × मध्याचं पाण्याच्या रेषेपासूनचं अंतर)

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. बलासाठी सरळ खोली घेतली होती, पण सरक काढताना दोन्ही अंतरं उतारावरून मोजायची. मध्य ३ मीटर खोल आहे, म्हणजे उतारावरून ३.७५ मीटर दूर. ६.२५ ला १२ × ३.७५ ने भागलं की ०.१३९ मीटर येतं. दाबकेंद्र मध्याच्या १४ सेंटिमीटर खाली, म्हणजे बिजागरीपासून १.३९ मीटरवर आहे. चुकून ३ घेतले असते तर सरक १७ सेंटिमीटर आली असती. उत्तर तेवढंच पटण्यासारखं दिसतं, म्हणून ही चूक सहज निसटते.

पडताळा घ्या. मला हा टप्पा सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण यात सूत्र लागत नाही. दाबाच्या आकृतीचे दोन तुकडे करा. वरच्या कडेवरचा दाब पूर्ण दारावर सारखा आहे असं धरलं, तर ९८.१ किलोन्यूटनचा आयत मिळतो. त्याचं बल बिजागरीपासून १.२५ मीटरवर. उरलेला त्रिकोण ४९.०५ किलोन्यूटनचा, त्याचं बल दोन तृतीयांशावर, १.६७ मीटरवर. दोघांचे आघूर्ण, म्हणजे बल गुणिले बिजागरीपासूनचं अंतर, मिळवले तर २०४.४ येतात. ते १४७.१५ ने भागले की पुन्हा १.३९.

साखळीची ओढ आता सोपी आहे. २०४.४ भागिले २.५, म्हणजे दाराला काटकोनात सुमारे ८२ किलोन्यूटन. दाराचं वजनही त्याला बंदच ठेवतं. दार अर्ध्या टनाचं असेल तर या उतारावर आणखी दीड किलोन्यूटन लागेल. रबरी सीलची चिकट आणि गंजलेल्या बिजागरीचं घर्षण याशिवाय.

पाणी चढलं की बल वाढतं, पण सरक कमी होते. हेच दार वरच्या कडेपासून ६ मीटर पाण्याखाली गेलं तर बल ३४३ किलोन्यूटन होतं आणि दाबकेंद्र मध्यापासून जेमतेम ६ सेंटिमीटरवर येतं.

पाणी वरच्या कडेच्या खाली उतरलं की मात्र सावध राहा. समजा पातळी २.८ मीटरने घटली. खालच्या कडेशी १.२ मीटर पाणी उरलं, आणि दाराचा उतारावरचा १.५ मीटरच भाग ओला आहे. तरीही जुन्या सवयीने पूर्ण दाराचा मध्य घेतला तर बल ९.८ किलोन्यूटन येतं. खरं बल ओल्या भागाच्या मध्यावरून काढायचं: ९.८१ × ०.६ × ३, म्हणजे १७.७. चुकीचा आकडा खऱ्याच्या जवळजवळ निम्मा, आणि तोही धोक्याच्या बाजूला. या स्थितीत दाबकेंद्र पाण्याच्या रेषेपासून ओल्या लांबीच्या दोन तृतीयांशावर, म्हणजे उतारावरून बरोबर १ मीटर खाली असतं.