दरवर्षी वाढत जाणारा खर्च निवृत्तीनंतर भागवायचा, तर आज दरमहा किती बाजूला टाकावे?

रेल्वेतून निवृत्त झालेल्यांच्या पेन्शनवर महागाई भत्ता मिळतो, तो वाढला की पेन्शनही वाढते. खाजगी नोकरीतल्या माणसाला ही सोय नाही. पीएफसोबतची ईपीएस पेन्शन महागाईप्रमाणे वाढत नाही, आणि मुदत ठेवीचे व्याजही ठरले तेवढेच राहते. म्हणून दरवर्षीची वाढ आपल्यालाच हिशेबात धरावी लागते. बहुतेकांचा हिशेब चुकतो तो इथेच.

मुलुंडमधले एक काल्पनिक जोडपे घेऊ. दोघेही ३५ वर्षांचे, ६० ला निवृत्ती, आणि पैसा ८५ पर्यंत पुरायला हवा. जोडीदार लहान असेल तर वर्षे त्याच्या किंवा तिच्या वयाने मोजावीत.

आधी आजचा खर्च, पण निवृत्तीनंतरचा. घरात महिन्याला ८२,००० जातात. त्यातला गृहकर्जाचा हप्ता ३१,०००, मुलाची फी आणि क्लास १२,०००, लोकलचा पास आणि ऑफिसचे खाणेपिणे ४,०००. हे तेव्हा नसेल. उरले ३५,०००. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, म्हणून हप्ता आणि औषधांचे ५,००० त्यात घालू. झाले ४०,०००. सोसायटीचा मेंटेनन्स मात्र वगळू नका; इमारत रीडेव्हलपमेंटला गेली तर तो वाढण्याचीच शक्यता जास्त.

मग तो खर्च २५ वर्षे पुढे न्या. महागाई ६ टक्के धरली तर ४०,००० चे सुमारे १,७१,७०० होतात, म्हणजे निवृत्तीच्या पहिल्या वर्षी २०.६ लाख.

आता लागणारी रक्कम. निवृत्तीनंतर कर वजा जाता ७ टक्के परतावा धरू. दरवर्षी तेवढेच २०.६ लाख काढायचे असते तर २.५७ कोटींत भागले असते, आणि अनेक जण हाच आकडा धरून बसतात. पण दुसऱ्या वर्षी २१.८ लाख लागणार, तिसऱ्या वर्षी २३.१. अशा वाढत्या उचलीला २.५७ कोटी वयाच्या ७३ व्या वर्षी संपतात. ८५ पर्यंत पुरायला हवेत ४.६१ कोटी.

हा आकडा काढायला महागाई वजा जाता उरणारा परतावा लागतो, पण त्यासाठी ७ मधून ६ सरळ वजा करू नका. १.०७ ला १.०६ ने भागायचे. खरा परतावा निघतो ०.९४ टक्के. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये असे लिहा:

```
=FV(6%,25,0,-40000)
=PV(1.07/1.06-1,25,-2060100,0,1)
=PMT(1.1^(1/12)-1,300,0,-40640000)
```

दुसऱ्या ओळीतला शेवटचा 1 महत्त्वाचा, कारण वर्षाचा खर्च वर्षाच्या सुरुवातीलाच काढून ठेवायचा आहे. तो विसरलात तर रक्कम थोडी कमी दिसते.

शेवटी दरमहाची बचत. जोडप्याच्या पीएफमध्ये आज ८ लाख आहेत. ८ टक्क्यांनी ते २५ वर्षांत सुमारे ५५ लाख होतात. उरले ४.०६ कोटी. नव्या बचतीवर १० टक्के धरले तर तिसरी ओळ उत्तर देते: दरमहा जवळपास ३३,०००. १० टक्के हा अंदाज आहे, त्याची हमी कोणी देत नाही. आणि त्यासाठी बराच पैसा शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडांत ठेवावा लागतो.

हप्ता भरत असलेल्या घराला ३३,००० झेपणार नाहीत. पण पगार वाढतो तशी बचतही वाढवता येते. एसआयपीला वर्षाला ६ टक्क्यांचा ‘स्टेप-अप’ लावला तर सुरुवात १९,८०० ने होते. पंचविसाव्या वर्षी ती ८०,००० च्या घरात जाते, मात्र आजच्या पैशांत ते १९,८०० च. मला हाच मार्ग पटतो. अट एकच, एकही वाढ चुकवायची नाही.

या सगळ्यात सर्वांत नाजूक आकडा महागाईचा. बाकी सगळे तसेच ठेवून ६ ऐवजी ७ टक्के टाका, ४.६१ कोटींचे थेट ६.५१ कोटी होतात. परतावा आणि महागाई सारखी असेल तर सूत्राचीही गरज नाही: जितकी वर्षे काढायची तितक्या पट पहिल्या वर्षाचा खर्च.

म्हणून दर एप्रिलला शीट उघडून पहिल्या ओळीत ४०,००० ऐवजी तसाच हप्ता आणि फी वगळून काढलेला गेल्या वर्षीचा दरमहाचा प्रत्यक्ष खर्च टाका, आणि २५ ऐवजी उरलेली वर्षे. पहिल्या ओळीच्या उत्तराची बारा पट दुसऱ्या ओळीत टाका, आणि तिसऱ्या ओळीत उरलेले महिने आणि नवी रक्कम. मेंटेनन्स किंवा मेडिक्लेमचा हप्ता एकदम उडी मारून गेला असेल तर ते इथेच कळते, आणि पुढच्या वर्षीचा स्टेप-अप ६ चा ८ करायला अजून वेळ असतो.