जॉइनिंगच्या दिवसाचा ई-मेल कसा लिहावा

नवा माणूस पहिल्या दिवशी कुठे अडकतो, हे एचआरपेक्षा गेटवरच्या सिक्युरिटीला जास्त माहीत असतं. यादीत नाव नाही, कोणाला भेटायचं ते माहीत नाही, एचआरचा फोन लागत नाही. म्हणून मेल लिहिताना ऑफर लेटरची भाषा बाजूला ठेवावी आणि गेटपासून सुरुवात करावी.

उदाहरण म्हणून चाकण एमआयडीसीतला एक मध्यम कारखाना घेऊ. क्वालिटी विभागात नवा इंजिनिअर सोमवारी, १० ऑगस्टला रुजू होणार आहे, येणार हडपसरहून. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, त्यामुळे मेल बुधवारपर्यंत गेलाच पाहिजे. शुक्रवारी संध्याकाळी पाठवला तर राहिलेला कागद मिळवायला त्याच्या हातात फक्त शनिवार-रविवार उरतो आणि तेव्हा जुन्या कंपनीचं ऑफिस बंद असू शकतं.

विषयाच्या ओळीतच मुख्य गोष्टी सांगाव्यात: ‘जॉइनिंग: सोमवार, १० ऑगस्ट, सकाळी ९:३०, गेट नं. २’. फोनवर मेल न उघडताही एवढं दिसतं.

वेळ विचारपूर्वक ठरवावी. जनरल शिफ्ट ८:३०ला सुरू होते म्हणून त्यालाही ८:३०ला बोलावलं, की तो शिफ्टच्या गर्दीत सापडतो आणि एचआरही त्या वेळी हजेरीच्या तक्रारींत गुंतलेलं असतं. ९:३० बरं. मजकूर असा लिहिता येईल:

‘सकाळी ९:३०ला गेट नं. २वर या. गेट नं. १ फक्त मालाच्या गाड्यांसाठी आहे. सिक्युरिटीकडे तुमचं नाव दिलेलं आहे, मूळ आधार कार्ड दाखवा. चाकणच्या चौकात सकाळी ट्रॅफिक असतो, त्या हिशेबाने निघा. उशीर होत असेल तर खालच्या नंबरवर फोन करा. पुढे शॉप फ्लोअरवर जायचं आहे, त्यामुळे पायात बंद बूट हवेत. सेफ्टी शूज कंपनी देईल, तुमचा साइज उत्तरात कळवा.’

बुटाचा साइज ही क्षुल्लक बाब वाटते, पण सेफ्टी शूज नसतील तर शॉप फ्लोअरवर सोडत नाहीत आणि दुपारचा सगळा कार्यक्रम बारगळतो.

कागदपत्रांवर मात्र वेळ घालवावा. नुसती यादी दिली की लोक निम्मे कागद आणतात. प्रत्येक कागद कशासाठी हवा ते अर्ध्या ओळीत सांगावं आणि नसेल तर काय चालेल तेही लिहावं:

‘आधार, पॅन आणि शेवटच्या वर्षाची मार्कशीट: मूळ प्रती आणि एकेक झेरॉक्स. मूळ प्रती पाहून लगेच परत देऊ.
कॅन्सल्ड चेक: पगाराच्या खात्यासाठी. चेकबुक नसेल तर पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स.
यूएएन नंबर: जुनं पीएफ खातं जोडण्यासाठी. नवा नंबर काढू नका.
रिलीव्हिंग लेटर: अजून मिळालं नसेल तर राजीनामा मंजूर झाल्याचा मेल आणा, लेटर नंतर द्या.
एप्रिलपासूनच्या पगाराच्या स्लिपा: टीडीएसच्या हिशेबासाठी.
पासपोर्ट साइजचे दोन फोटो.
नॉमिनीचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख: पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या फॉर्मसाठी.’

रिलीव्हिंग लेटरची ओळ गाळू नये. बऱ्याच कंपन्या हिशेब पूर्ण झाल्याशिवाय ते देत नाहीत. पर्याय लिहिलेला नसेल तर माणूस आदल्या रात्रीपर्यंत जुन्या एचआरच्या मागे लागतो, किंवा जॉइनिंगच पुढे ढकला म्हणून फोन करतो. स्लिपांचंही तसंच. आधीच्या नोकरीचं उत्पन्न कळलं नाही, तर नवी कंपनी फक्त स्वतःच्या पगारावर टीडीएस मोजते. तो कमी पडतो आणि रिटर्न भरताना एकदम मोठी रक्कम भरावी लागते. तेव्हा शिव्या एचआरलाच बसतात!

‘एचआरला भेटा’ असं लिहू नये. माणसाचं नाव, हुद्दा आणि बसायची जागा लिहावी. तिघं पुरेत: कागद घेणारा एचआरचा माणूस, ज्याला रिपोर्ट करायचं तो मॅनेजर, आणि विभागातला एक सहकारी जो जेवायला बरोबर नेईल. मेल पाठवण्याआधी मॅनेजर त्या दिवशी जागेवर आहे का, ते विचारून घ्यावं. ग्राहकाचं ऑडिट त्याच सोमवारी असेल, तर तारीख एक दिवसाने सरकवलेली बरी.

वेळापत्रक चार ओळींचं असावं:

‘९:३० ते ११: कागदपत्रं, फॉर्म, आयडी कार्ड
११ ते १२:३०: सेफ्टी ट्रेनिंग
१२:३०: कँटीनमध्ये जेवण (डबा आणायची गरज नाही)
१:१५ पासून: मॅनेजरशी भेट, मग शॉप फ्लोअर, ५ वाजता सुट्टी’

सेफ्टी ट्रेनिंग शॉप फ्लोअरच्या आधी हवं, हा क्रम उलटा करता येत नाही. परतीची वेळ लिहिलेली असली की बस पाहता येते. शेवटी फोन उचलणाऱ्या एकाच माणसाचा मोबाइल नंबर द्यावा, लँडलाइन नको. मेलची प्रत मॅनेजरला जावी आणि सोमवारी सकाळी नव्या माणसाचं नाव गेटच्या यादीत आहे ना, हे सिक्युरिटीला फोन करून पाहावं.