झडीत लॅपटॉप कोरडा ठेवणारी बॅग कशी निवडावी

मी गाडीवर रोज कुरखेड्याहून देसाईगंजला, म्हणजे आमच्या बोलण्यात वडशाला, जातो. रोवणीच्या दिवसांत झड लागली की दोन-दोन दिवस थांबत नाही, आणि वाटेत थांबायला झाड सोडून दुसरा आसरा नाही. मागच्या पावसाळ्यापर्यंत माझ्याकडे चांगली जाडजूड बॅग होती, वर रेनकव्हरही होतं. एक दिवस ऑफिसात पोचून कव्हर काढलं तर बॅगेचा पुढचा भाग कोरडा ठणठणीत. लॅपटॉप काढला, तर त्याच्या कापडी पाकिटातून पाणी टिपकत होतं.

पाणी आलं होतं पाठीकडून. रेनकव्हर बॅगेची पुढची बाजू आणि कडा झाकतं, पाठीला टेकणारी बाजू उघडीच राहते. रेनकोटावरून मानेकडून ओघळणारं पाणी थेट पाठ आणि बॅगेच्या मधल्या फटीत उतरतं. तिथली फोमची गादी ते पिऊन घेते आणि शिलाईच्या छिद्रांतून हळूहळू आत सोडते. बहुतेक बॅगांत लॅपटॉपचा कप्पा नेमका त्या गादीमागेच असतो. म्हणून बॅग घेताना कापडाआधी पाठ बघायची.

दुकानात काय बघायचं

दुकानदाराला "वॉटरप्रूफ आहे का?" विचारून उपयोग नाही. "हो जी, एक थेंब नाही जात," हेच उत्तर मिळतं. बॅग हातात घ्या, सगळं सामान आणि भरलेले कागद काढा आणि आतून बाहेर उलटी करता येईल तेवढी उलटी करा.

सगळ्यात आधी शिलाई. सुई जिथे जिथे गेली तिथे छिद्र आहे, कापड कितीही भारी असो. आतल्या शिवणीवर पारदर्शक किंवा राखाडी पट्टी चिकटवलेली दिसली तर ती छिद्रं बंद केली आहेत असं समजा. नुसती पायपीन, म्हणजे कडेला गुंडाळलेली कापडी पट्टी, असेल तर ती दिसायला नीटनेटकी, पण पाणी अडवत नाही. ऑफिसच्या साध्या बॅगांत ही चिकटवलेली पट्टी क्वचितच सापडते, त्यामुळे ती नसली म्हणून बॅग टाकून देऊ नका. फक्त ही बॅग एकटी भागवणार नाही हे लक्षात ठेवा.

मग चेन. वरच्या चेनवर किमान दोन बोटं रुंद झाकण हवं. रबरासारखा थर असलेली गुळगुळीत चेन पाऊस बऱ्यापैकी अडवते, पण सरक जिथे थांबते त्या टोकाला बारीक फट उरतेच. ते टोक बॅगेच्या माथ्यावर येत असेल तर बॅग नको. बाजूला, खाली तोंड करून येत असेल तर चालेल.

कापडाबद्दल एकच गोष्ट. लेबलवर '600 डी' किंवा '900 डी' लिहिलेलं असतं, तो धाग्याच्या जाडीचा आकडा आहे, पाण्याशी त्याचा थेट संबंध नाही. पाणी अडवतो तो आतला थर. कापड तोंडाला घट्ट लावून फुंकर मारा. हवा आरपार गेली तर थर नाही किंवा झिजला आहे. बाहेरून थेंब मण्यासारखे घरंगळतात ते नव्या बॅगेचं कौतुक असतं, काही महिन्यांत ते जातं. जुन्या बॅगेच्या आत पांढरे पापुद्रे पडत असतील किंवा हाताला चिकट लागत असेल, तर थराचा शेवट झाला.

शेवटी लॅपटॉपच्या कप्प्यात हात घाला. त्याचा तळ बॅगेच्या तळाला टेकत असेल तर बॅग ठेवू नका, कारण मागच्या चाकाने उडवलेलं पाणी आणि आत शिरलेलं पाणी तिथेच साचतं. कप्पा दोन-तीन बोटं उंचावर लटकत असायला हवा.

घरी आणल्यावर, लॅपटॉप ठेवण्याआधी

बदलून देण्याबद्दल दुकानात आधीच बोलून ठेवा आणि त्याच दिवशी परीक्षा घ्या. वर्तमानपत्राचे तीन कोरडे तुकडे घ्या: एक लॅपटॉपच्या कप्प्यात, एक तळाशी, एक वरच्या चेनजवळ. बॅगेत जुने कपडे भरून फुगवा, कारण ताणलेल्या चेनची फट मोकळ्या चेनपेक्षा जास्त उघडते. आता रेनकोट घालून कोणालातरी बॅगेसह अंगणात उभं करा आणि झारीने पाणी सोडा. सुरुवात मानेवरून करा, पाठ-बॅगेच्या फटीत जाईल असं. नुसती बॅग दोरीवर टांगून पाणी ओतलं तर ही फट तपासलीच जात नाही. पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, मग कागद बघा. माझ्या बॅगेत वरचा आणि तळाचा कागद जवळपास कोरडे निघाले, लॅपटॉपच्या कप्प्यातला लगदा झाला होता.

कव्हर असेल तर त्याचा तळही बघा. पाणी निघायला छिद्र नसेल तर कव्हर ही वाटी होते आणि बॅग त्यात बसून राहते. माझ्या कव्हरला मी सर्वात खोल जागी गरम खिळ्याने एक भोक पाडलं.

खरं काम आतली पिशवी करते

माझा निर्णय असा: बॅगेने पाणी कमी करायचं, थांबवायचं काम आतल्या गुंडाळीच्या पिशवीने. ही ताडपत्रीसारख्या कापडाची, तोंड गुंडाळून क्लिप लावायची पिशवी असते, ड्राय बॅग म्हणून मिळते. तिची शिवण उष्णतेने चिकटवलेली असावी, धागा दिसता कामा नये.

मापात लोक फसतात. लिटरवर जाऊ नका, लॅपटॉप मोजा. माझा 15.6 इंचाचा, पण तो इंच पडद्याच्या तिरक्या मापाचा. प्रत्यक्षात तो 36 सेंटिमीटर लांब, साडेचोवीस रुंद, सव्वादोन जाड. उभा घालायचा तर पिशवीची सपाट रुंदी किमान रुंदी अधिक जाडी, म्हणजे सुमारे 27 हवी. हात फिरायला मी 30 ची घेतली. तोंड पाच-पाच सेंटिमीटरच्या तीन वळ्यांनी गुंडाळायचं, म्हणजे लांबीवर 15 आणि थोडं मोकळं: 36 मध्ये 20 मिळवून 56. दोन वळ्यांवर क्लिप लावली तर ती पिशवी गळते, हे मी पाहिलं आहे. गुंडाळण्याआधी हवा दाबून काढा.

घरात खताच्या पोत्यातली आतली पन्नी पडलेली असते, ती वापरायचा मोह होतो. धुतली तरी नको. खताचा राहिलेला कण ओल ओढून घेतो आणि पोर्टच्या धातूला खातो. पन्नीच वापरायची तर नवी, जाड घ्या, दोन घाला आणि तोंडं विरुद्ध दिशेला ठेवा.

चार्जर आणि पेनड्राइव्हही त्याच पिशवीत. ओला रुमाल, टोपी मात्र कधीच आत नको. ऑफिसात किंवा घरी पोचलात की पिशवी लगेच उघडा, नाहीतर जी ओल आत गेली तीही बाहेर निघत नाही.

पाठीच्या फटीवर आणखी एक उपाय गावात चालतो: दोन नंबर मोठा रेनकोट घेऊन तो बॅगेवरून घालणं. कुबड आल्यासारखं दिसतं, पण ते पाणी बॅगेला लागतच नाही. स्कूटरवाल्यांना बॅग पायाशी ठेवायची सोय असते, पण पुढच्या चाकाचं पाणी तिथे उडतं, तेव्हा आतली पिशवी त्यांनाही लागतेच.