सीमा काढताना किंमत सरळ केव्हा ठेवावी?

बहुपदीची सीमा काढणे हे अगदी सरळ काम आहे. x ज्या संख्येकडे जात असेल ती संख्या x च्या जागी ठेवावी आणि आकडेमोड करावी. 3x³ − 5x + 4 या बहुपदीची x → 2 असतानाची सीमा 24 − 10 + 4, म्हणजे 18 आहे. x = 1.99 घेतल्यास सुमारे 17.69 आणि x = 2.01 घेतल्यास सुमारे 18.31 मिळते, म्हणजे दोन्ही बाजूंनी किंमत 18 कडेच सरकते. बहुपदी ही x आणि स्थिर संख्या यांच्या बेरजा-गुणाकारांतूनच बनलेली असते आणि बेरजेची सीमा ही सीमांची बेरीज, गुणाकाराची सीमा हा सीमांचा गुणाकार असतो, म्हणून बहुपदीच्या बाबतीत ही रीत कोणत्याही बिंदूपाशी चालते.

भागाकार असेल तर आधी छेद तपासावा. (x² + 1)/(x − 3) मध्ये x → 1 असेल तर छेद −2 येतो, म्हणून सीमा 2/(−2) = −1. x → 3 असेल तर छेद 0 आणि अंश 10 होतो. तेथे सीमा अस्तित्वात नाही. वर्गमूळ असेल तर आतील राशी त्या बिंदूपाशी धन आहे ना, एवढे पाहावे: √(x² + 5) मध्ये x → 2 असता आत 9 येतात आणि सीमा 3 मिळते. लॉगॅरिथमच्या आतील राशीलाही हीच अट लावावी.

आता जेथे मी स्वतः अडखळलो होतो त्या टप्प्याकडे वळतो. “किंमत ठेवून पाहा, 0/0 आले तर अवयव पाडा, संख्या आली तर तेच उत्तर” हा सल्ला मला अकरावीत मिळाला होता आणि तो आजही सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे, असे मी ठामपणे सांगतो. किंमत ठेवून संख्या मिळाली, याचा अर्थ त्या बिंदूवर फलाला किंमत आहे, इतकाच होतो. सीमा मात्र त्या बिंदूच्या आसपास फल काय करते हे सांगते, आणि त्या बिंदूवरील किमतीची तिला गरजच नसते. या दोन गोष्टी जुळण्याची हमी फल त्या बिंदूवर संतत असेल तरच मिळते.

परीक्षेत मला [x] या फलाची x → 2 असतानाची सीमा विचारली होती. [x] म्हणजे x पेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक. मी 2 ठेवले, [2] = 2 आले, तेच उत्तर लिहिले आणि गुण गेले. 1.9, 1.99, 1.999 या साऱ्यांसाठी [x] ची किंमत 1 आहे, तर 2.001 साठी ती 2 आहे. डावीकडून 1 आणि उजवीकडून 2 मिळत असल्याने सीमा अस्तित्वातच नाही. माझ्या आकडेमोडीत 0/0 कोठेही आले नव्हते, म्हणून मला धोक्याची कोणतीही खूण दिसली नाही.

तेव्हापासून मी किंमत ठेवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारतो: या बिंदूच्या दोन्ही बाजूंना सूत्र तेच आहे का? ते बदलत असेल, तर तो सांधा समजावा आणि तेथे तीन संख्या काढाव्यात: डावीकडील सीमा, उजवीकडील सीमा आणि त्या बिंदूवरील किंमत. समजा, x < 2 असताना f(x) = x² + 1 आणि x ≥ 2 असताना f(x) = 3x − 1 आहे. डावीकडील सूत्र बहुपदी असल्याने त्यात 2 ठेवून 5 मिळतात, उजवीकडील सूत्रातूनही 5 मिळतात आणि f(2) सुद्धा 5 आहे. तिन्ही जुळल्या, म्हणून येथे किंमत ठेवणे योग्य आहे. आता दुसरे सूत्र 3x करा. f(2) = 6 लगेच मिळते, उजवीकडून 6 येतात, पण डावीकडून 5 येतात; सीमा नाही.

0/0 च्या बाबतीतही नेमके काय घडते ते समजून घ्यावे. (x² − 9)/(x − 3) मध्ये x → 3 असता मूळ फलात किंमत ठेवता येत नाही. x ≠ 3 असताना हे फल x + 3 शी सर्वत्र समान असते, म्हणून दोघांची सीमा एकच असते. 3 ही किंमत आपण x + 3 या बहुपदीत ठेवतो आणि 6 मिळतात. वहीत ‘x ≠ 3’ ही अट लिहिल्याशिवाय अवयव खोडू नयेत.

सांधा असलेले फलही सांध्यापासून दूर नेहमीप्रमाणेच वागते. वरच्या f ची x → 1 असतानाची सीमा काढताना 3x − 1 कडे पाहायचे कारण नाही. 1 च्या दोन्ही बाजूंना x² + 1 हेच सूत्र आहे, म्हणून उत्तर 2. x → 1.99 असेल तरीही 1.99 आणि 2 यांच्यात जागा आहे, म्हणून तेथेही किंमत सरळ ठेवावी.